लिंक्डइनवर 'नोकरी गेली, कुठे जागा असेल तर सांगा' हे नीट कसं लिहायचं? मसुदा देतेय, फाडा

राजगिरा

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज वेगळंच काम घेऊन आलेय.

२७ फेब्रुवारी हा माझा कंपनीतला शेवटचा दिवस होता. सात वर्षं तिथे होते, एकूण अनुभव तेरा वर्षांचा. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, शेवटी लीड होते. आमचं अख्खं प्रॉडक्ट बंद केलं, त्यामुळे टीममधल्या अकराच्या अकरा जणांना जावं लागलं.

लिंक्डइनवर लिहायला बसतेय तर तीन दिवस झाले, जमत नाहीये. एक तर रडगाणं होतंय किंवा एकदम सरकारी परिपत्रक. खालचा मसुदा मूळ इंग्रजीत आहे, इथे मराठीत करून देते:

> अतिशय जड अंतःकरणाने कळवते आहे की एका सुंदर प्रवासाचा आज शेवट झाला. सात वर्षांत या कंपनीने मला खूप काही दिलं. माझे सर्व मॅनेजर, सहकारी यांचे मनापासून आभार. झालेल्या कपातीचा फटका मलाही बसला. आयुष्य कधी कसं वळण घेईल सांगता येत नाही. डोक्यावर घराचं कर्ज आहे, मुलगी यंदा दहावीला आहे, पण मी हार मानणार नाही. मी मेहनती आहे, लवकर शिकते आणि कोणत्याही भूमिकेसाठी, कोणत्याही शहरात तयार आहे. तुमच्या ओळखीत काहीही असेल तर कृपया सांगा. रेझ्युमेची लिंक खाली दिली आहे. तुमची एक लाईकही माझ्यासाठी मोलाची आहे.

बिनधास्त फाडा. शालजोडीतले नकोत, सरळ सांगा.

---

सातारी_तडका

ताई, वाईट वाटलं. पण पोस्ट लई मोठी आहे. लिंक्डइनवर कोण वाचतंय एवढं? पाच ओळी बास. खाली वीसेक हॅशटॅग टाका, ओळखीच्या पन्नास जणांना टॅग करा आणि सगळ्यांना सांगा की 'सीएफबीआर' लिहा. म्हणजे रीच वाढतो. माझ्या भावाच्या पोस्टला असे नव्वद हजार व्ह्यूज आले होते.

---

मेघमल्हार

सातारी, भावाला नोकरी त्या पोस्टमधून लागली का?

---

सातारी_तडका

नाही, ती त्याच्या जुन्या मॅनेजरने लावली. पण व्ह्यूज आले ना!

---

भोसरी_वर्कशॉप

लिंक्डइन बिंक्डइन ठीक आहे, पण आधी लेबर ऑफिसला जा. असं कसं काढतात? २००९ मध्ये आमच्या प्लांटला मंदीत चाळीस जणांना काढलं होतं. आम्ही युनियनच्या साहेबांना घेऊन गेलो, तेव्हा कुठे हिशेब नीट मिळाला. ग्रॅच्युइटी घेतली का तुम्ही? पाच वर्षांवर सर्व्हिस असेल तर हक्काची आहे. एका वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिन्याला सव्वीस दिवस धरून. सोडू नका.

---

राजगिरा

भोसरीदादा, ग्रॅच्युइटी हिशेबात धरली आहे, फुल अँड फायनल अजून व्हायचंय. पण तो धागा वेगळा. इथे पोस्टचं सांगा.

---

जुना_पिंपळ

राजगिराताई, मी बावीस वर्षं माणसं भरतीचंच काम करतोय. आधी कन्सल्टन्सीत होतो, आता एका कंपनीच्या आत. त्यामुळे जरा लांबण लावतो.

तुमचा मसुदा वाचताना तुम्ही तो कुणासाठी लिहिलाय याचा विचार केला. तो तुमच्या जुन्या सहकाऱ्यांसाठी आहे. त्यांना तुम्ही आधीच माहीत आहात. नोकरी देणारा मॅनेजर ही पोस्ट बहुधा वाचणारच नाही, त्याच्या फीडमध्ये तुम्ही नाही. ती वाचेल तुमच्या ओळखीतला एखादा माणूस, ज्याला तुमच्याबद्दल आस्था आहे पण तुम्ही नेमकं काय करता हे धड माहीत नाही. कॉलेजची मैत्रीण, जुन्या सोसायटीतला शेजारी, नवऱ्याचा मित्र. त्याने ती पोस्ट उचलून आपल्या ऑफिसातल्या कुणालातरी पाठवायची आहे. पाठवताना तो काय लिहील? तुमच्या मसुद्यावरून तो एवढंच लिहू शकतो: "माझी एक ओळखीची आहे, चांगली आहे, काही असेल तर बघ." समोरचा विचारणार, "काय करते?" तो म्हणणार, "विचारून सांगतो." तिथे ते संपलं. विचारायचं राहून जातं.

तेव्हा त्या मधल्या माणसाला एकही प्रश्न न पडता पोस्ट पुढे ढकलता आली पाहिजे. काय काम, किती वर्षं, कुठलं क्षेत्र, कुठे राहता, कधी येऊ शकता आणि त्याने नक्की काय करायचं. एवढं पहिल्या दोन-तीन ओळींत आलं पाहिजे, कारण त्यानंतर `...more` येतं आणि बहुतेक लोक त्यावर बोट ठेवत नाहीत. तुमच्या पहिल्या तीन ओळींत जड अंतःकरण आणि सुंदर प्रवास आहे. टेस्टिंग हा शब्द अख्ख्या मसुद्यात नाही, बघा.

---

राजगिरा

अगं बाई! खरंच नाहीये. पाच वेळा वाचला मी तो.

---

मेघमल्हार

पिंपळकाकांशी सहमत. मी तो मधला माणूसही आहे आणि शेवटचाही, म्हणजे टीमसाठी माणसं मीच घेतो. गेल्या महिन्यात माझ्याकडे अशा चार पोस्ट आल्या: एक मावशीकडून, दोन कॉलेज ग्रूपवरून, एक बायकोच्या ऑफिसातून. चारांपैकी एकच मी पुढे दिली. ती माणसं वाईट होती म्हणून नाही. त्या एकात 'डेटा इंजिनिअर, सहा वर्षं, पुणे, लगेच उपलब्ध' असं होतं, त्यामुळे शेजारच्या टीमची जागा मला लगेच आठवली. बाकीच्यांत 'कोणतीही भूमिका' होतं. कोणतीही म्हटलं की मला एकही आठवत नाही. डोकं असंच चालतं, इलाज नाही.

---

कुंदा

मी थोडा वेगळा सूर लावते. कर्ज आणि मुलीची दहावी काढून टाका असं सगळे म्हणतील. पण का लपवायचं? माणूस आहे, घर आहे, अडचण आहे. सगळं गुळगुळीत करून लिहायचं ही कॉर्पोरेट सवय मला आवडत नाही.

---

जुना_पिंपळ

कुंदाताई, लपवा असं मी म्हणत नाही. तुमच्या मैत्रिणीला फोनवर सांगा, जरूर सांगा. पण पोस्ट एचआरवालाही वाचतो आणि पगाराची बोलणी त्याच्याशीच करायची असते. हप्ता थकायची वेळ आलीय हे ज्याला कळलं तो आधी कमी आकडा टाकून बघतो. हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसून पाहिलंय आणि, खोटं कशाला बोलू, तरुणपणी केलंही आहे.

---

कुंदा

हे मात्र पटलं. कबुलीसकट.

मग भाषेचं सांगते, तो माझा प्रांत. मूळ इंग्रजी मसुद्यात तुम्ही 'इम्पॅक्टेड' लिहिलं असणार, त्याचाच हा 'फटका बसला' झालाय. सगळे तेच लिहितात, जणू काही उल्का पडली. कंपनीने प्रॉडक्ट बंद केलं, टीम गेली, हे साध्या वाक्यात लिहा. त्यात लाजही नाही आणि कुणाला शिवीही नाही. 'एक लाईकही मोलाची' हे वाक्य तर आधी काढा. ते वाचून मला तुमच्याच बाजूने अवघडल्यासारखं झालं.

---

सातारी_तडका

एक मिनिट. कंपनीने राजीनामा लिहून घेतला का ताई? आजकाल सगळीकडे तसंच करतात. तसं असेल तर तुम्ही कपात झाली असं लिहूच शकत नाही. कागदावर राजीनामा आणि पोस्टवर कपात, बॅकग्राउंड चेकमध्ये पकडतात. खोटं बोलली म्हणून ऑफर रद्द.

---

राजगिरा

हो, राजीनामाच लिहून घेतला. आणि एक करारही सही करून घेतलाय, तीन महिन्यांचा पगार देणार आहेत. सातारी, तुम्ही तर घाबरवलंत.

---

जुना_पिंपळ

सातारी अर्धं बरोबर आहे. तपासणारी एजन्सी जुन्या कंपनीकडून तारखा, पद आणि सोडण्याचं कारण विचारते. तिथून 'राजीनामा' असं उत्तर येईल. त्यामुळे पुढे अर्ज भरताना सोडण्याच्या कारणाच्या रकान्यात काय लिहाल ते रिलिव्हिंग लेटरशी जुळायला हवं. पोस्ट हा अर्ज नाही, पण तिथेही दोन्ही बाजूंनी खरं ठरेल असं वाक्य वापरता येतं: 'प्रॉडक्ट बंद झालं, आमची अकरा जणांची टीम संपली, माझा शेवटचा दिवस २७ फेब्रुवारी होता.' यात राजीनाम्याशी न जुळणारं काही नाही. वर अकरा हा आकडा आपलं काम करून जातो. एकटीला काढलं नाही, कामात खोट नव्हती, हे तुम्ही न सांगता कळतं.

दुसरं म्हणजे तो करार आज पुन्हा वाचा. बऱ्याच करारांत कंपनीबद्दल वाईट बोलायचं नाही असं कलम असतं आणि पैसे त्याला बांधलेले असतात. तुमच्या पोस्टमध्ये तसं काही नाही, पण खाली कॉमेंटमध्ये एखादा जुना सहकारी तोंडसुख घेईल आणि तुम्ही त्याला भावनेच्या भरात हार्ट द्याल. ते टाळा.

---

राजगिरा

कलम आहे. सातवं. मी वाचलंच नव्हतं. आभारी आहे.

---

न्यूजर्सीचा_नाना

इकडची गोष्ट सांगतो, थोडं अवांतर. माझी नोकरी गेली तेव्हा मी एच-१बी व्हिसावर होतो. नोकरी संपल्यापासून जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, तेही आय-९४ आधी संपत नसेल तर. तेवढ्यात नव्या कंपनीने माझा अर्ज दाखल करायला हवा होता. म्हणून मी पोस्टमध्ये तारीखच टाकली: अमुक तारखेपर्यंत व्हिसा ट्रान्सफरचा अर्ज जायला हवा. मित्र म्हणाले, अगतिक दिसतंय. पण ती माझी गरज नव्हती, ती भरती करणाऱ्याच्या कामाची माहिती होती. ज्यांना स्पॉन्सर करायचंच नव्हतं ते आपोआप गळले, माझा वेळ वाचला.

तोटाही झाला. तारीख बघून त्या बेंचवर बसवणाऱ्या कन्सल्टन्सीवाल्यांनी फोन करकरून जीव नको केला. त्यामुळे आज पुन्हा लिहिली तर तारीख टाकीन की नाही, सांगता येत नाही.

---

मेघमल्हार

नाना, तुमच्या तारखेचा उलटा भाग राजगिरांना लागू आहे. भारतात नोटीस पीरियड बहुतेक ठिकाणी साठ-नव्वद दिवसांचा. मला आज माणूस हवा असेल तर निवडलेला माणूस तीन महिन्यांनी येतो आणि त्यातले काही दुसरी ऑफर घेऊन पळतात. 'लगेच रुजू' हे शब्द माझ्यासाठी सोन्यासारखे आहेत. नोकरी गेल्याचा हा एकमेव फायदा, तो पहिल्या ओळीत टाका. फक्त रिलिव्हिंग लेटर हातात आहे ना, ते बघा.

आणि तुमचं काम नक्की काय ते सांगा. टेस्टिंग म्हणजे समुद्र आहे.

---

राजगिरा

पेमेंट्स. कार्डाचे व्यवहार आणि यूपीआय. म्हणजे तुम्ही दुकानात कार्ड लावता, मशीनमधून निघालेला मेसेज बँकेकडे जाऊन परत येतो, तो आयएसओ ८५८३ या साच्यात असतो. त्यातला एखादा फील्ड चुकला, उत्तर उशिरा आलं, पैसे कापले पण दुकानदाराला नाकारलं असं दिसलं, हे सगळे घोळ ग्राहकापर्यंत जाण्याआधी पकडणं हे माझं काम. यूपीआयचे एपीआय, सेलेनियम, जावा, लोडसाठी जेमीटर. शेवटची तीन वर्षं सहा जण माझ्या हाताखाली होते.

---

मेघमल्हार

अहो, मग हे कुठे होतं इतके दिवस? 'मेहनती आणि लवकर शिकते' हे कुणीही लिहितं. पैसे कापले पण व्यवहार नाकारला, ही भानगड पकडणारी बाई मला नाव न विचारता लक्षात राहील.

---

राजगिरा

दुसरा मसुदा. (हाही इंग्रजीतून मराठीत.)

> पेमेंट्स क्षेत्रातली क्यूए लीड, १३ वर्षं अनुभव, पुणे. लगेच रुजू होऊ शकते.
>
> आमचं प्रॉडक्ट बंद झालं आणि त्याबरोबर आमची अकरा जणांची टीमही. माझा शेवटचा दिवस २७ फेब्रुवारी होता.
>
> कार्ड आणि यूपीआय व्यवहारांची चाचणी हे माझं काम. खात्यातून पैसे गेले पण दुकानात व्यवहार नाकारला गेला, अशा चुका ग्राहकापर्यंत जाण्याआधी पकडणं. गेल्या दोन वर्षांत आमच्या टीमने रिलीजआधीची रिग्रेशन चाचणी चार दिवसांवरून दीड दिवसावर आणली. त्यातलं ऑटोमेशन मी उभं केलं.
>
> शोधते आहे: क्यूए लीड किंवा टेस्ट मॅनेजरची जागा, बँक, पेमेंट गेटवे किंवा फिनटेकमध्ये. पुण्यात आठवड्यातून तीन दिवस ऑफिस चालेल, पूर्ण रिमोटही चालेल.
>
> तुमच्या कंपनीत अशी जागा दिसली तर तिचा जॉब आयडी मला पाठवा. किंवा पेमेंट्सच्या टेस्टिंग टीममधल्या कुणाशी ओळख करून द्या, पंधरा मिनिटं बोलायला मिळालं तरी चालेल. रेझ्युमेची लिंक: (ड्राइव्हची लिंक)

---

कुंदा

हे वाचून पाठीचा कणा ताठ झाला. आभाराचं एक वाक्य शेवटी ठेवा हवं तर, सात वर्षं होतात शेवटी.

---

जुना_पिंपळ

छान. 'नोकरी द्या' ऐवजी 'जॉब आयडी पाठवा' आणि 'ओळख करून द्या' हे सर्वांत चांगलं झालंय. नोकरी देणं कुणाच्या हातात नसतं, त्यामुळे माणूस गप्प बसतो. ओळख करून देणं दोन मिनिटांचं काम आहे.

पण रेझ्युमेची लिंक काढा. लगेच. 'मेसेज केल्यास पाठवते' एवढं लिहा.

---

सातारी_तडका

का? लिंक असली तर मधल्या माणसाचं काम सोपं होईल ना? तुम्हीच म्हणालात, एकही प्रश्न पडू नये.

---

जुना_पिंपळ

प्रश्न रास्त आहे. इथे दोन गोष्टींची टक्कर होते आणि मी लिंक न देण्याच्या बाजूचा आहे. कारण सांगतो.

उघड्यावर पडलेला रेझ्युमे छोट्या कन्सल्टन्सी उचलतात. फोन न करता, न विचारता तो दहा कंपन्यांच्या सिस्टीममध्ये आपल्या नावाने भरून ठेवतात. कंपनीच्या सिस्टीममध्ये उमेदवार ज्याच्या मार्फत आधी आला, त्याच्या नावावर काही महिने राहतो. मग तुमच्या मैत्रिणीने आतून रेफरल टाकलं की सिस्टीम म्हणते, हा उमेदवार आधीच आहे. मैत्रिणीला रेफरलचे पैसे मिळत नाहीत, कंपनीला त्या कन्सल्टन्सीला मोठी फी द्यावी लागणार असते, म्हणून मॅनेजरही मागे सरकतो. तुम्हाला यातलं काहीच कळत नाही. फक्त फोन येत नाही.

म्हणून कुठल्याही कन्सल्टंटचा फोन आला तर आधी विचारायचं: कुठल्या कंपनीसाठी? जागा कोणती? आणि 'मी ईमेलवर होकार दिल्याशिवाय रेझ्युमे पाठवू नका' असं सांगायचं. जो कंपनीचं नाव सांगत नाही त्याला रेझ्युमे नाही.

---

राजगिरा

काका, उशीर झाला का? मी पहिल्याच आठवड्यात रेझ्युमे तीन व्हॉट्सॲप ग्रूपवर टाकलाय. नोकरीच्या ग्रूपवर. आणि नौकरी.कॉमवर दिसेल तिथे अर्ज केलेत, साठ तरी असतील.

---

जुना_पिंपळ

ग्रूपवरचा गेला, तो परत येत नाही. साठ अर्जांची यादी मात्र आज करा. कंपनीचं नाव, जागा, तारीख. कुणी रेफर करतो म्हणालं की आधी यादीत बघून त्याला खरं सांगा की इथे मी स्वतः अमुक तारखेला अर्ज केलाय. काही कंपन्यांत एचआर ते दुरुस्त करून देतं, काहींत नाही.

---

सातारी_तडका

ते हिरवं कडं लावायचं की नाही फोटोला?

---

मेघमल्हार

लावा. मला बघताक्षणी कळतं, शोधायला सोपं.

---

जुना_पिंपळ

मी नको म्हणेन. `Open to work` मध्ये फक्त रिक्रूटर्सना दिसेल असाही पर्याय आहे. त्यात हव्या त्या पदांची नावं नीट भरली की आमच्या शोधात तुम्ही वर येता, फोटोवर कडं नसलं तरी. वरिष्ठ जागेसाठी कडं बघून नाक मुरडणारे मॅनेजर मी पाहिलेत. चूक आहे त्यांचं, पण आहेत.

---

मेघमल्हार

अशा मॅनेजरच्या हाताखाली जायचं तरी कशाला?

---

जुना_पिंपळ

हप्ता भरायला.

---

राजगिरा

😄 काका! तुम्हा दोघांचं होईपर्यंत मी ते फक्त रिक्रूटर्सना दिसेल असं ठेवते. प्रोफाइलच्या हेडलाइनमध्ये अजून जुन्या कंपनीचंच पद होतं, तेही बदललं. उद्या सकाळी पोस्ट टाकते.

---

राजगिरा

तीन दिवसांनी आलेय. पोस्ट टाकली. पहिला दिवस अगदी शुकशुकाट. दहा लाईक, तेही सगळे जुन्या टीममधले, म्हणजे माझ्यासारखेच बेकार. मैत्रिणीने तिच्या मॅनेजरला लिंक पाठवली तर त्याचा निरोप, "उघडत नाहीये." मला वाटलं, झालं, कुणाला रसच नाही.

मग संध्याकाळी मुलगी म्हणाली, "आई, हे `Connections only` का आहे?" दिवाळीत ऑफिसच्या रांगोळीचा फोटो टाकताना मी तसं ठेवलं होतं, ते तसंच राहिलेलं. म्हणजे जी पोस्ट अनोळखी माणसाकडे जावी म्हणून आपण इतकी घासली, ती अनोळखी माणसाला दिसतच नव्हती. काढली, `Anyone` करून पुन्हा टाकली.

---

कुंदा

दहावीच्या मुलीला अभ्यास सोडून हे काम. पण पोर हुशार आहे.

---

राजगिरा

आता हिशेब. दुसऱ्यांदा टाकल्यावर चोवीस मेसेज आले. त्यातले बहुतेक 'काळजी घे' प्रकारचे, त्यांचं मनापासून बरं वाटलं. दोघांनी जॉब आयडी पाठवले. एका माणसाने, ज्याला मी आयुष्यात भेटले नाही, मुंबईतल्या एका पेमेंट कंपनीच्या टेस्टिंग प्रमुखांशी ओळख करून दिली. तो माझ्या वहिनीच्या भावाचा सहकारी निघाला. त्याने पुढे पाठवताना लिहिलेलं वाक्य मला दाखवलं: "पेमेंट्स क्यूए लीड, तेरा वर्षं, पुणे, लगेच येऊ शकते." काका, माझी पहिली ओळ जशीच्या तशी!

एक फोन भामट्याचा. साध्या जीमेलवरून ऑफर लेटर, मुलाखत न घेता, आणि कागदपत्रं तपासायचे ४,८०० रुपये भरा म्हणे. ब्लॉक केलं.

आणि दोनपैकी एका जॉब आयडीला मैत्रिणीने रेफर केलं तर तेच झालं, 'उमेदवार आधीच नोंदलेला आहे'. माझ्या साठांच्या यादीत ती कंपनी नाही. म्हणजे ग्रूपवरचा रेझ्युमे कुणीतरी उचलला.

---

जुना_पिंपळ

त्या कंपनीच्या एचआरला मैत्रिणीकरवी ईमेल करा: 'कोणत्याही एजन्सीला माझा रेझ्युमे पाठवायची परवानगी मी दिलेली नाही.' एवढंच, चिडून नाही. कधी कधी सुटतं.

---

सातारी_तडका

ताई, पगार किती हवा ते पोस्टमध्ये टाकलं असतं तर फुकटचे फोन कमी झाले असते असं मला अजूनही वाटतं.

---

मेघमल्हार

मलाही थोडं तसंच वाटतं. पन्नास टक्के बोलणी तिथेच फिसकटतात.

---

जुना_पिंपळ

आकडा आधी जो बोलतो तो अडकतो. माझं मत बदलणार नाही.

---

राजगिरा

टाकला नाही. मुंबईवाल्यांनी पहिल्याच फोनवर विचारला, तेव्हा मी त्यांच्या जागेचं बजेट विचारलं. सांगितलं त्यांनी. मला चालण्यासारखं आहे. दुसरी फेरी मंगळवारी चार वाजता.

---

भोसरी_वर्कशॉप

सगळा धागा वाचला. मी आधी उगाच लेबर ऑफिसवर गेलो. माझ्या पुतण्याचं काम सुटलंय गेल्या महिन्यात, चाकणला होता. त्याला असंच काही लिहून द्याल का? तो सीएनसीवर असतो.

---

मेघमल्हार

दादा, सीएनसीवर म्हणजे काय? ऑपरेटर, सेटर की प्रोग्रॅमर? मशीन कुठलं? किती वर्षं?

---

भोसरी_वर्कशॉप

व्हीएमसीवर सेटर कम प्रोग्रॅमर. फानुक कंट्रोलर. सहा वर्षं. ड्रॉइंग वाचतो, ॲल्युमिनियमच्या हाउसिंगचं काम जास्त केलंय. राहायला मोशीला, स्वतःची गाडी आहे, तिन्ही शिफ्ट चालतात. उद्यापासून येऊ शकतो.

---

जुना_पिंपळ

लिहिलंत की, दादा. पहिल्या ओळीच्या आधी फक्त 'मोशी-चाकण' टाका आणि हेच पाठवा.